भाषिक लय : आघातबद्ध आणि अक्षरबद्ध

भाषिक लय : बोलण्याच्या ओघात विशिष्ट उच्चारघटकांची कालक्रमाने होणारी पुनरावृत्ती म्हणजे भाषेची लय होय. पुनरावृत्त होणारा हा घटक कोणता, यावरून भाषांचे दोन वर्ग पाडण्याची प्रथा विसाव्या शतकात रूढ झाली. ज्या भाषांत आघातयुक्त अक्षरे साधारणपणे सारख्या अंतराने येतात असे मानले गेले, त्यांना आघातबद्ध लयीच्या भाषा आणि ज्यांत प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखाच वेळ मिळतो असे मानले गेले, त्यांना अक्षरबद्ध लयीच्या भाषा म्हणतात. पहिल्या वर्गाची उदाहरणे म्हणून इंग्रजी, रशियन व अरबी, तर दुसऱ्याची म्हणून फ्रेंच, तेलुगू व योरुबा या भाषा सामान्यतः दिल्या जातात. येथे ‘अक्षर’ म्हणजे लिपीतील चिन्ह नव्हे, तर एका स्वराभोवती जुळलेला, एका दमात उच्चारला जाणारा ध्वनिसमूह होय. ‘कमळ’ या शब्दात लिहिताना तीन अक्षरे दिसतात. उच्चारात मात्र ‘क’ आणि ‘मळ्’ अशी दोनच असतात. ‘आघात’ म्हणजे शब्दातील एखादे अक्षर शेजारच्या अक्षरांपेक्षा अधिक जोराने, अधिक लांब किंवा वेगळ्या स्वरपातळीवर उच्चारून त्याला दिलेला उठाव होय.

या वर्गीकरणाचा इतिहास काहीसा विलक्षण आहे. ज्या कालमापनावर ते उभारले गेले, ते प्रयोगशाळेतील मोजणीत टिकले नाही. तथापि त्याने दाखविलेला भाषाभाषांतील भेद खोटा ठरला नाही. त्याचे स्थान बोलणाऱ्याच्या उच्चारातील कालमापनापेक्षा ऐकणाऱ्याच्या श्रवणपद्धतीत अधिक आहे, असे पुढील संशोधनातून दिसून आले. परकी भाषा छापील स्वरूपात उत्तम समजणाऱ्या माणसाला तीच भाषा कानांनी ऐकताना का समजत नाही, या जुन्या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग या इतिहासात सापडतो.

कल्पनेचा उगम : इंग्रजी बोलण्यात संगीतातील तालासारखी नियमित आवर्तने असतात, हा विचार अठराव्या शतकात मांडला गेला. जोशुआ स्टील याने १७७५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्रजी वाक्ये संगीतलिपीसारख्या चिन्हांनी लिहून दाखविली आणि त्यांचे तालाप्रमाणे सारखे खंड पाडले. प्रत्येक खंडाच्या आरंभी आघातयुक्त अक्षर किंवा त्याच्या जागी विराम यावा, अशी त्याची मांडणी होती. मोजण्याची साधने नसल्याने हे सारे कानाच्या साक्षीवर अवलंबून होते. पुढील दीडशे वर्षांतील छंदःशास्त्रज्ञांचा आधारही बव्हंशी तोच होता.

विसाव्या शतकात या कल्पनेला आधुनिक रूप आले. ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ आर्थर लॉइड जेम्स (१८८४–१९४३) यांनी १९४० मध्ये दूरध्वनीवरील भाषणसंकेतांविषयी लिहिताना दोन प्रकारच्या लयींना सुटसुटीत उपमा दिल्या. एका प्रकारची भाषा मशीनगनच्या फैरीसारखी, म्हणजे एकसारख्या ठोक्यांची वाटते. दुसऱ्या प्रकारची तारायंत्राच्या मोर्स संकेतांसारखी, म्हणजे लांब व आखूड ठोक्यांच्या मिश्रणाची वाटते. इंग्रजी ही त्यांच्या मते दुसऱ्या प्रकारची भाषा होय.

आज रूढ असलेली परिभाषा अमेरिकन भाषावैज्ञानिक केनेथ पाइक (१९१२–२०००) यांची आहे. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकन इंग्रजीच्या स्वरलहरींवरील त्यांच्या ग्रंथामागे परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविण्याची गरज होती. स्पॅनिश भाषक इंग्रजी बोलताना प्रत्येक अक्षर सारख्या वजनाने उच्चारतात आणि त्यामुळे त्यांचे बोलणे इंग्रजांच्या कानाला परके वाटते, असे त्यांनी नोंदविले. पाइक यांच्या एका उदाहरणाने मुद्दा स्पष्ट होतो. ‘द मॅन्ज हिअर’ (तो माणूस आला आहे) आणि ‘द मॅनेजर्ज हिअर’ (व्यवस्थापक आले आहेत) या दोन वाक्यांत ‘मॅ’ आणि ‘हिअर’ येथे आघात आहेत. दुसऱ्या वाक्यात या दोन आघातांच्या मध्ये दोन अक्षरे जास्त आहेत. तरीही दोन्ही वाक्यांतील आघातांमधले अंतर सारखेच ठेवण्याकडे इंग्रजी भाषकाचा कल असतो आणि त्यासाठी तो मधली अक्षरे दाबून, आखडून उच्चारतो, असे पाइक यांचे प्रतिपादन होते.

एडिंबरोचे ध्वनिशास्त्रज्ञ डेव्हिड ॲबरक्रॉम्बी (१९०९–९२) यांनी १९६७ मध्ये हा विचार टोकाला नेला. जगातील प्रत्येक भाषा या दोहोंपैकी एका लयीने बोलली जाते, असे त्यांनी म्हटले आणि त्याला शारीरिक कारण जोडले. अमेरिकन संशोधक आर. एच. स्टेट्सन यांनी १९२८ मध्ये असे मांडले होते, की प्रत्येक अक्षरागणिक छातीच्या स्नायूंचा एक लहान झटका बसतो आणि आघाताच्या वेळी तो अधिक जोरकस होतो. हे झटके ज्या भाषेत समान अंतराने पडतात ती अक्षरबद्ध आणि जोरकस झटके समान अंतराने पडतात ती आघातबद्ध, अशी ॲबरक्रॉम्बी यांची उपपत्ती होती.

मोजमापाचा निर्णय : ही उपपत्ती मांडली जाण्यापूर्वीच तिच्या पायाला तडा गेला होता. पीटर लॅडेफोगेड आणि त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्ये बरगड्यांमधील स्नायूंच्या विद्युत्‌क्रियेची नोंद घेतली, तेव्हा प्रत्येक अक्षरामागे एक झटका असा हिशेब जुळला नाही. इंग्रजी आघातांमधील अंतरे समान असल्याचा दावाही त्याआधीच शंकास्पद ठरला होता. आंद्रे क्लास यांनी १९३९ मध्ये इंग्रजी गद्याच्या नोंदी मोजून दाखविले, की अशी समानता फार मर्यादित परिस्थितीतच आढळते. लागोपाठच्या खंडांतील अक्षरांची संख्या, त्यांची ध्वनिरचना आणि व्याकरणिक घडण यांत साम्य असेल, तरच अंतरे सारखी भरतात.

निर्णायक मोजणी १९८२ मध्ये पीटर रोच यांनी केली. ॲबरक्रॉम्बी यांनी उदाहरणादाखल दिलेल्या सहाही भाषा, म्हणजे फ्रेंच, तेलुगू व योरुबा आणि इंग्रजी, रशियन व अरबी, त्यांनी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. वर्गीकरण खरे असेल तर पहिल्या तीन भाषांत अक्षरांची लांबी कमी बदलावी आणि दुसऱ्या तीन भाषांत आघातांमधील अंतरे कमी बदलावीत, अशी अपेक्षा होती. अक्षरांच्या लांबीतील चढउतारावरून दोन गट वेगळे काढता आले नाहीत. आघातांमधील अंतरांच्या बाबतीत तर ज्या भाषांत ती समान असावयास हवी होती, त्यांतच ती अधिक असमान निघाली. पुढच्याच वर्षी रेबेका डाउअर यांनी इंग्रजी, स्पॅनिश, इटालियन, ग्रीक व थाई या भाषांची तुलना केली. दोन आघातांमध्ये अक्षरे वाढली की त्यांमधील काळही वाढतो, ही गोष्ट सर्वच भाषांत आढळली आणि इंग्रजी तिला अपवाद नव्हती.

असे असेल, तर फ्रेंच आणि इंग्रजी ऐकताना कोणाही माणसाला जाणवणारा फरक कशातून निर्माण होतो? डाउअर यांचे उत्तर असे, की लय ही स्वतंत्र यंत्रणा नसून भाषेच्या ध्वनिरचनेतील काही गुणांचा तो एकत्रित परिणाम आहे. पहिला गुण अक्षरांच्या घडणीचा. इंग्रजीत ‘अ’ सारखे केवळ एका स्वराचे अक्षर असते, तसेच ‘स्ट्रेंग्थ्स’ सारखे दोन्ही बाजूंनी व्यंजनांनी लादलेले अक्षरही असते. साहजिकच त्यांच्या लांबीत मोठी तफावत पडते. स्पॅनिश किंवा फ्रेंचमध्ये निम्म्याहून अधिक अक्षरे एक व्यंजन व एक स्वर अशा साध्या घडणीची असतात.

दुसरा गुण दुर्बल स्वरांचा. इंग्रजीत आघात नसलेल्या अक्षरातील स्वर बहुधा आपले मूळ रूप गमावतो आणि मराठीतील ऱ्हस्व ‘अ’ ला जवळ असलेल्या एका अस्फुट स्वरात विरून जातो. ‘फोटग्राफ’ (छायाचित्र), ‘फटॉग्रफर’ (छायाचित्रकार) आणि ‘फोटग्रॅफिक’ (छायाचित्रविषयक) हे तीन शब्द एकाच मूळ शब्दापासून झालेले आहेत आणि लेखनातील त्यांचा आरंभ तंतोतंत एकच आहे. मात्र आघात पहिल्यावरून दुसऱ्या अक्षरावर सरकताच ‘फो’ चा ‘फ’ होतो, अस्फुट असलेला ‘ट’ एकदम ‘टॉ’ होऊन उभा राहतो आणि ‘ग्रा’ मिटतो. तिसऱ्या शब्दात मुख्य आघात आणखी पुढे जाऊन ‘ग्रॅ’ स्पष्ट होतो. मराठीत ‘गावात’, ‘गावातला’, ‘गावातल्यांनासुद्धा’ असा शब्द वाढत गेला, तरी त्यातील ‘गा’ आणि ‘वा’ आपला स्वर सोडीत नाहीत. तिसरा गुण आघाताच्या कार्याचा. इंग्रजीत आघाताचे स्थान शब्दाच्या ओळखीचा भाग असते. फ्रेंचमध्ये तसे नसते.

या विचाराला मोजणीचे रूप फ्रांक रामू, मारिना नेस्पोर व झाक मेलेर यांनी १९९९ मध्ये दिले. त्यांनी आघात आणि अक्षरे बाजूला ठेवून एवढेच मोजले, की बोलण्याच्या एकूण काळात स्वरांचा वाटा किती आणि व्यंजनखंडांची लांबी किती बदलते. स्वरांचा वाटा इंग्रजीत सुमारे ४०, इटालियनमध्ये सुमारे ४५ आणि जपानीमध्ये सुमारे ५३ टक्के भरला. इंग्रजी, डच व पोलिश एका बाजूस, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन व कॅटलान दुसऱ्या बाजूस आणि जपानी सर्वांपासून वेगळी, अशी विभागणी त्यातून दिसली. परंतु अशा मापांनाही मर्यादा आहेत. बोलणारा, त्याचा वेग किंवा निवडलेली वाक्ये बदलली, की आकडे बरेच सरकतात, हे अमालिया आर्वानिती यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. म्हणून आज हे दोन वर्ग म्हणजे दोन बंद पेट्या मानल्या जात नाहीत. त्यांना एका पट्ट्याची दोन टोके समजणे अधिक योग्य होय.

श्रोत्याचा शोध : छापील मजकुरात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. ‘तो आज गावाला गेला’ हे वाक्य सहज बोलले, तर शब्दाशब्दांमध्ये शांतता नसते, ध्वनींचा एकच अखंड प्रवाह असतो. तरीही मातृभाषेत शब्द आपोआप सुटे होऊन कानी पडतात, कारण प्रवाह कोठे तोडावयाचा याची एक पद्धत श्रोत्याने बालपणीच आत्मसात केलेली असते. लयीचे खरे महत्त्व या तोडण्यात आहे.

या दिशेने पहिला महत्त्वाचा प्रयोग मेलेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये फ्रेंच श्रोत्यांवर केला. ‘पालास’ (आलिशान हॉटेल) व ‘पाल्मिए’ (ताडाचे झाड) अशा अर्थांच्या फ्रेंच शब्दांच्या जोड्या घेण्यात आल्या. दोन्ही शब्दांचा आरंभ ‘पाल्’ या ध्वनींनीच होतो, पण पहिल्यातील पहिले अक्षर ‘पा’ आहे आणि दुसऱ्यातील ‘पाल्’. सांगितलेला तुकडा ऐकू येताच श्रोत्याने कळ दाबावयाची होती. ‘पा’ हा तुकडा पहिल्या शब्दात लवकर सापडला आणि ‘पाल्’ दुसऱ्या शब्दात. म्हणजे तुकडा पूर्ण अक्षराशी जुळला, की ओळख जलद होते. फ्रेंच श्रोता भाषाप्रवाह अक्षराअक्षराने तोडतो, असा याचा अर्थ होता.

१९८६ मध्ये ॲन कटलर, मेलेर, डेनिस नॉरिस व ह्वान सेगी यांनी हाच प्रयोग इंग्रजी श्रोत्यांवर केला, तेव्हा त्यांच्यात असा अक्षरानुसारी परिणाम आढळला नाही. इंग्रजी शब्दांतही नाही आणि फ्रेंच शब्दांतही नाही. उलट, फ्रेंच श्रोत्यांना इंग्रजी शब्द ऐकविले, तेव्हा त्यांनी तेही अक्षराअक्षरानेच तोडले. या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. तोडण्याची पद्धत ऐकल्या जाणाऱ्या भाषेवर ठरत नाही. श्रोता ती आपल्या मातृभाषेतून बरोबर घेऊन येतो आणि परक्या भाषेवरही नकळत लादतो.

मग इंग्रजी श्रोता काय करतो? कटलर व नॉरिस यांनी १९८८ मध्ये याचे उत्तर मांडले. ज्या अक्षरातील स्वर स्पष्ट व पूर्ण असतो अशा सबल अक्षरापाशी नवा शब्द सुरू होतो असे इंग्रजी श्रोता गृहीत धरतो. अस्फुट स्वराचे दुर्बल अक्षर तो बहुधा मागच्या शब्दाला जोडतो किंवा लहानसा व्याकरणिक शब्द समजतो. हे गृहीतक निराधार नाही. कटलर व डेव्हिड कार्टर यांनी १९८७ मध्ये इंग्रजी संभाषणांच्या नोंदींवरून केलेल्या गणनेत नामे, क्रियापदे इत्यादी अर्थवाही शब्दांपैकी सुमारे ९० टक्के शब्दांची सुरुवात सबल अक्षराने होते, असे आढळले.

ही पद्धत कशी चालते, हे ती जेथे चुकते तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. कटलर व सॅली बटरफील्ड यांनी १९९२ मध्ये इंग्रजी श्रोत्यांना जेमतेम ऐकू येईल इतक्या मंद आवाजात काही शब्दमाला ऐकविल्या. त्यांपैकी एक होती ‘कन्डक्ट असेंट्स अपहिल’, म्हणजे साधारणतः ‘डोंगर चढण्याच्या मोहिमा चालवा’. तिच्यात सहा अक्षरे आहेत आणि दुर्बल-सबल अशी जोडी तीनदा येते : ‘कन्-डक्ट, अ-सेंट्स, अप्-हिल’. तीनही शब्दांची सुरुवात दुर्बल अक्षराने होते, म्हणजे श्रोत्याच्या गृहीतकाच्या अगदी उलट. एका श्रोत्याने ऐकले ‘द डॉक्टर सेंड्स हर बिल’ (डॉक्टर तिचे बिल पाठवितात), तर दुसऱ्याने ‘अ डक डिसेंड्स सम पिल’ (एक बदक कुठल्याशा गोळीवरून उतरते). दुसऱ्या वाक्याला धड अर्थही नाही.

ही दोन उत्तरे मूळ शब्दमालेशी जुळवून पाहावीत. सहा अक्षरे आणि त्यांची दुर्बल-सबल चाल दोन्हींत अबाधित आहे. ध्वनी बदलले, शब्द बदलले, पण लय जशीच्या तशी राहिली. पहिल्या उत्तरात दुसरे, चौथे व सहावे ही सबल अक्षरे (‘डॉक’, ‘सेंड्स’, ‘बिल’) प्रत्येकी नव्या शब्दाच्या आरंभी आली आहेत. दुर्बल अक्षरांपैकी ‘टर’ मागच्या शब्दाला चिकटले आहे आणि उरलेल्या दोहोंचे ‘द’ व ‘हर’ असे व्याकरणिक शब्द झाले आहेत. श्रोत्याने आवाज अंधुक असताना अंदाज केला. मात्र तो अंदाज नियमबद्ध होता.

परक्या श्रोत्याची अडचण : अक्षरबद्ध लयीची भाषा बोलणारा माणूस इंग्रजी ऐकू लागतो, तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात. प्रत्येक अक्षराला आपापला वाटा मिळेल ही त्याची अपेक्षा पुरी होत नाही. आणि शब्दारंभाची खूण म्हणून सबल अक्षराकडे पाहण्याची सवय त्याला नसते. परिणामी निम्मी अक्षरे गिळली गेली आहेत आणि बोलणारा फार घाईत आहे, असे त्याला वाटते. वास्तविक बोलणाऱ्याचा वेग नेहमीचाच असू शकतो.

यातून होणारा घोटाळा कधीकधी अर्थाला पार उलटे करतो. अमेरिकन इंग्रजीतील ‘आय कॅन गो’ (मी जाऊ शकतो) आणि ‘आय कॅन्ट गो’ (मी जाऊ शकत नाही) ही वाक्ये घ्यावीत. छापील स्वरूपात त्यांतील फरक शेवटच्या ‘ट्’ चा आहे. सहज बोलताना मात्र हा ‘ट्’ पुढच्या ‘ग’ मध्ये दबून जवळजवळ ऐकू येत नाही. अमेरिकन श्रोता हे भेद लयीवरून ओळखतो. होकारार्थी वाक्यात सहायक क्रियापद दुर्बल होऊन ‘आय कन् गो’ असे होते आणि जोर ‘गो’ वर पडतो. नकारार्थी वाक्यात ‘कॅन्’ चा स्वर पूर्ण राहतो आणि त्यावरही जोर येतो. ज्याने हा शब्द पुस्तकातून ‘कॅन’ असा शिकला, त्याला पूर्ण ‘कॅन्’ ऐकू आला की होकार वाटतो. प्रत्यक्षात तो नकार असतो. भेटीची वेळ ठरविताना किंवा वैद्याचा सल्ला ऐकताना असा गैरसमज किरकोळ राहत नाही.

मराठी भाषकाचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. मराठीत आघाताच्या स्थानावरून शब्दाचा अर्थ बदलत नाही आणि आघात नाही म्हणून स्वर विरत नाही. मराठी छंदःशास्त्राची घडणही याला धरूनच आहे. माधव त्रिंबक पटवर्धन (माधव जूलियन) यांनी ‘छंदोरचना’ (१९३७) या ग्रंथात मराठी पद्याचे वृत्त, जाती व छंद असे प्रकार केले. वृत्तात लघु-गुरूंचा क्रम, जातीत मात्रांची संख्या आणि ओवी-अभंगांसारख्या छंदांत अक्षरांची संख्या पाहिली जाते. छंदांत तर सर्वच अक्षरे गुरू मानून म्हटली जातात. आघातांची मोजणी यांपैकी कोठेही नाही. इंग्रजी पद्यात मात्र चरणाची घडण आघातयुक्त व आघातहीन अक्षरांच्या क्रमावर आधारलेली असते. इंग्रजीतील अस्फुट स्वर मराठी माणसाला उच्चारण्यास अवघड नाही, कारण त्याच्या जवळचा ‘अ’ त्याच्या भाषेत आहेच. अडचण ही, की मराठीत तो ‘अ’ इतर स्वरांच्या बरोबरीचा असतो, तर इंग्रजीत तो ‘येथे शब्द सुरू होत नसावा’ अशी सूचना देतो. ही सूचना मराठी कान सहसा घेत नाही.

हीच गोष्ट उलट दिशेनेही घडते. आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेविषयीचे आपले संशोधन १९६९ मध्ये हैदराबाद येथील सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश या संस्थेतर्फे प्रसिद्ध केले. भारतीय वक्त्यांचे बोलणे ब्रिटिश श्रोत्यांना न समजण्याच्या कारणांत शब्दांवरील आघात अपेक्षित जागी नसणे हे एक प्रमुख कारण होते. वरील विवेचनावरून त्याचा उलगडा होतो. सर्व अक्षरे सारख्या वजनाने आली, म्हणजे शब्दारंभ शोधण्याची ब्रिटिश श्रोत्याची खूणच नाहीशी होते. आघात चुकीच्या अक्षरावर पडला, तर तो भलत्या ठिकाणी शब्द तोडतो. याउलट दोघेही भारतीय असतील, तर तीच लय संभाषणाच्या आड येत नाही. भारतीय इंग्रजीची लय सदोष नसून वेगळी आहे. वक्ता आणि श्रोता यांच्या अपेक्षा जुळत नाहीत, तेथेच अडचण उद्भवते.

सवयीचे मूळ व तिची मर्यादा : ही सवय किती लवकर लागते याची कल्पना तिएरी नाझी, झोझियान बेर्तोंसिनी व मेलेर यांच्या १९९८ मधील प्रयोगावरून येते. फ्रेंच कुटुंबांतील नवजात अर्भकांना परक्या भाषांतील वाक्ये गाळणीतून काढून ऐकविण्यात आली. त्यांतील व्यंजने व स्वर अस्पष्ट झाले होते, पण लय व स्वरांचा चढउतार शिल्लक होता. चोखणीवर चोखण्याच्या गतीतील बदल पाहिले असता, इंग्रजी आणि जपानी यांतील भेद अर्भकांना कळत होता. इंग्रजी आणि डच यांतील कळत नव्हता. या दोन भाषा लयीच्या दृष्टीने एकाच गटातील आहेत. शब्द म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच लयीचा भेद कानाला उमगतो, असा याचा अर्थ होतो. पुढे मातृभाषेच्या लयीला धरून तोडण्याची पद्धत पक्की होत जाते.

अशी पक्की सवय मोठेपणी बदलते काय? कटलर, मेलेर, नॉरिस व सेगी यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही भाषा बालपणापासून सारख्याच सफाईने बोलणाऱ्या व्यक्तींची तपासणी केली. दोहोंपैकी एकच भाषा राखता आली तर कोणती राखाल, या प्रश्नाच्या उत्तरावरून त्यांचे दोन गट करण्यात आले. इंग्रजी निवडणाऱ्यांनी फ्रेंच शब्दही अक्षराअक्षराने तोडले नाहीत. फ्रेंच निवडणाऱ्यांनी फ्रेंच शब्द तसे तोडले, परंतु इंग्रजी शब्दांच्या वेळी ती पद्धत त्यांनी वापरली नाही. इतक्या उत्तम द्वैभाषिकांतही लयीवर आधारलेल्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदत नाहीत, हा या संशोधनाचा कठोर भाग आहे. मात्र आपली पद्धत जेथे निरुपयोगी असते तेथे ती आवरून धरता येते, हा त्याचा आश्वासक भाग होय.

लयीची अडचण शब्दसंग्रहाच्या अडचणीपासून वेगळी ओळखता येते. ऐकून न समजलेले वाक्य छापील स्वरूपात पुढे ठेवताच समजले, तर उणीव शब्दांची किंवा व्याकरणाची नाही. श्रुतलेखन हे याचे जुने व उत्तम साधन आहे, मात्र चुकांची नुसती संख्या मोजून भागत नाही. लहान व्याकरणिक शब्द सतत गळत असतील, दुर्बल अक्षराने सुरू होणारे शब्द अर्धेच लिहिले जात असतील आणि शब्दांच्या सीमा भलत्या ठिकाणी पडत असतील, तर अडचण लयीची आहे. एकेका ध्वनीच्या जागी दुसरा ध्वनी लिहिला जात असेल, तर ती उच्चारभेदाची आहे. सावकाश व एकेक अक्षर सुटे करून बोलणे हा यावरील उपाय वाटतो, पण तो दिशाभूल करणारा आहे. तसे बोलताना दुर्बल अक्षरेही सबल होतात आणि जी लय ओळखावयास शिकावयाचे तीच नाहीशी होते. त्याऐवजी नेहमीच्या गतीचे एकच छोटे वाक्य पुनःपुन्हा ऐकून प्रथम केवळ सबल अक्षरे टिपणे आणि मग त्यांच्या मधल्या जागेत किती व कोणती दुर्बल अक्षरे मावली आहेत ते शोधणे, हा क्रम श्रोत्याच्या मूळ कार्यपद्धतीशी जुळणारा आहे.

लयीने सर्व काही उलगडते असे मात्र नाही. ओळखीचा विषय, शब्दांचा साठा, वक्त्याची बोली आणि भोवतालचा गोंगाट यांचाही श्रवणावर परिणाम होतो. स्वच्छ आवाजात व परिचित विषयावर ऐकताना श्रोता मुख्यतः शब्दांच्या ज्ञानावरच विसंबतो. आवाज अंधुक झाला, वाक्य अनपेक्षित आले किंवा भाषा परकी असली, की लयीवरून तोडण्याची त्याची पद्धत पुढे येते. दूरध्वनी, रेल्वे स्थानकावरील घोषणा, गर्दीतील संभाषण अशा प्रसंगी परक्या भाषेचा श्रोता प्रथम अडखळतो, याचे एक कारण हेच आहे. एरवी शब्दज्ञानामुळे झाकली गेलेली मातृभाषेची सवय अशा वेळी उघडी पडते.